टीव्हीला डॅक लावून जुना ॲम्प जोडलाय, पण आवाज मधेच जातो किंवा सारखी घूं येते? या क्रमाने तपासा

ठाण्यात आणि ऐरोली-घणसोलीकडे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले मित्र असं सगळं धरून हे एकच काम मी वीसेक घरांत तरी केलंय. घरात वडिलांच्या किंवा काकांच्या वेळचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर असतो, त्याचे लाकडी डब्यातले दोन स्पीकर असतात, आवाज भरदार असतो आणि नवीन टीव्हीचा आवाज पातळ लागतो, म्हणून कोणीतरी ऑनलाइन छोटासा डॅक, म्हणजे टीव्हीचा डिजिटल आवाज जुन्या ॲम्पला कळेल असा करून देणारा डबा, मागवतो. टीव्हीतून ऑप्टिकल वायर डॅकमध्ये आणि डॅकमधून लाल-पांढरी आरसीए वायर ॲम्पच्या मागे, एवढंच तर जोडायचं असतं. आणि तरी दहातल्या सात-आठ घरांत पहिल्या दिवशी काहीतरी बिनसतंच, आणि खापर फुटतं बिचाऱ्या जुन्या ॲम्पवर, खरं तर त्यात काही बिघडलेलंच नसतं.

आधी लक्षणं सांगतो, तुमचं कुठलं ते बघा.

पहिलं, अजिबात आवाज नाही, टीव्हीवर चित्र चालू, डॅकचा दिवा चालू, ॲम्पचाही चालू. दुसरं, बातम्यांच्या चॅनलवर आवाज येतो पण ॲपवर सिनेमा लावला की शांत, किंवा आवाजाऐवजी जोरात खर्रर्र. तिसरं, आवाज व्यवस्थित येतो पण मागे सतत घूं चालू असते, रात्री आवाज कमी केला की फारच जाणवते. चौथं, एकाच बाजूने आवाज, किंवा आवाज येतो पण घुमल्यासारखा, फाटलेला.

पहिल्या तीन तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांना एक रुपयाही खर्च करावा लागला नाही, म्हणून खालचा क्रम मोडू नका. आणि एक सवय लावून घ्या, कुठलीही वायर काढताना-घालताना ॲम्प बंद, आणि टीव्हीचं सेटिंग बदलताना ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर. का ते पुढे कळेलच.

सगळ्यात आधी फोन लावून बघा

टीव्ही, डॅक सगळं बाजूला ठेवा. हेडफोनच्या पिनपासून दोन आरसीए होणारी वायर मिळते, ती घ्या, फोनमधून ॲम्पच्या AUX ला लावा (फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचं छोटं कनेक्टर लागेल) आणि गाणं लावा. फोन चार्जिंगला लावलेला नको, हे महत्त्वाचं. दोन्ही स्पीकर नीट वाजले, घूं नाही, तर तुमचा ॲम्प आणि स्पीकर ठणठणीत आहेत आणि दोष टीव्ही ते डॅक या भागात आहे. फोनवरही एक बाजू बंद किंवा घूं तशीच, तर मग ॲम्पकडे बघायचं. या पाच मिनिटांच्या तपासणीने अर्धं जग बाद होतं, आणि ही न करता लोक दुसरा डॅक मागवतात, तोही तसाच वागतो.

याच वेळी ॲम्पच्या पुढच्या पट्टीवर नजर टाका. जुन्या ॲम्पवर TAPE MONITOR नावाचं बटण असतं. ते दाबलेलं असेल तर ॲम्प तुमचं AUX सोडून टेपरेकॉर्डरची वाट बघत बसतो, आणि टेपरेकॉर्डर तर कधीच भंगारात गेलेला असतो. ते बटण पुन्हा दाबून बाहेर आणलं की आवाज चालू, असं मी तीन घरांत बघितलंय. आणि वायर PHONO मध्ये घुसवू नका. ते भोक रेकॉर्ड प्लेयरसाठी आहे, तिथून येणारा सिग्नल अगदी बारीक, काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून ॲम्प तिथे प्रचंड वाढवतो आणि वर बास फुगवतो. डॅकमधून येतात दोन व्होल्टच्या आसपास. तो घुमणारा, फाटलेला आवाज तिथूनच येतो. AUX, TUNER, CD, TAPE यातलं काहीही चालेल.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या सेटना मागे आरसीए नसून पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्याला कनेक्टर मिळतो, पण तो दोन प्रकारचा येतो आणि दुकानदार विचारत नाही. टेपच्या सॉकेटमध्ये ३ आणि ५ नंबरच्या पिनांतून आवाज ॲम्पमध्ये जातो, १ आणि ४ मधून ॲम्पमधून बाहेर टेपकडे रेकॉर्डिंगला जातो, २ नंबर ग्राउंड. चुकीचा कनेक्टर घेतलात तर आवाज येणारच नाही. घेताना "प्लेबॅकचा पाहिजे" असं सांगा, आणि जमलं तर लाल-पांढऱ्याच्या मधल्या पिना ३ आणि ५ ला जोडल्यात का ते तिथेच मीटरवर बघून घ्या.

आता ऑप्टिकल वायर

हिच्यात वीज नसते, प्रकाश असतो. टीव्ही चालू करून डॅकच्या बाजूचं टोक काढा, त्यातून लाल ठिपका दिसला पाहिजे. दिसला नाही तर वायर टीव्हीच्या बाजूने पूर्ण बसलेली नाही, किंवा टीव्हीने ते आउटपुट चालूच केलेलं नाही, साउंड आउटपुटमध्ये जाऊन `Optical` निवडावं लागतं. नवीन वायरच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपी असते, ती काढायची असते. पारदर्शक असल्यामुळे दिसत नाही, आणि ती असताना वायर बसल्यासारखी वाटते पण आत टेकत नाही, मग आवाज येत नाही किंवा तुटक येतो. भिंतीवर लावलेल्या टीव्हीमागे वायर काटकोनात दुमडली गेली असेल तरी तेच होतं, तिला मोठं वळण द्या.

टीव्हीला ऑप्टिकलचं भोकच नसेल, फक्त `HDMI ARC` असेल, तर साधा ऑप्टिकल डॅक कामाचा नाही, एआरसी चालणारा एक्स्ट्रॅक्टर लागतो आणि टीव्हीत `HDMI-CEC` चालू करावं लागतं. तो वेगळा विषय, इथे थांबतो.

खरं कारण बहुतेक वेळा हे

लाल प्रकाश येतोय, ॲम्प फोनवर वाजतोय, तरी आवाज नाही किंवा काही ठिकाणी येतो काही ठिकाणी नाही, तर टीव्हीचं सेटिंग बघा. हा मुद्दा जरा नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात.

ऑप्टिकल वायरीतून टीव्ही दोन तऱ्हेने आवाज पाठवू शकतो. एक म्हणजे पीसीएम, साधा उलगडलेला दोन चॅनलचा आवाज. दुसरा म्हणजे डॉल्बी किंवा डीटीएसचं बांधलेलं गाठोडं, ते पुढच्या होम थिएटरने सोडायचं असतं. आपला छोटा डॅक फक्त पीसीएम जाणतो. त्याला गाठोडं पाठवलं तर तो एक तर गप्प बसतो, नाहीतर त्या आकड्यांनाच आवाज समजून पूर्ण जोरात खर्रर्र करतो, आणि ती खरखर नाजूक ट्वीटर जाळू शकते. व्हॉल्यूम शून्यावर ठेवा म्हणालो ते याचसाठी.

टीव्ही बहुतेक वेळा `Auto` वर येतो. `Auto` चा अर्थ, कार्यक्रम जसा असेल तसा पुढे ढकल. बातम्या, मालिका साध्या स्टिरिओत असतात, त्या पीसीएम म्हणून जातात आणि वाजतात, ॲपवरचा सिनेमा 5.1 मध्ये असतो तो गाठोडं म्हणून जातो आणि शांतता. म्हणून "बातम्यांना येतो, सिनेमाला नाही" असं कोणी सांगितलं की मी घरी जायच्या आधीच फोनवर सांगतो, सेटिंगमध्ये जा.

नाव प्रत्येक टीव्हीत थोडं वेगळं असतं, `Sound` मध्ये आत जाऊन `Digital Audio Out`, `Digital Output Audio Format`, `Digital Sound Output` असलं काहीतरी सापडेल, कधी `Advanced` किंवा `Expert Settings` च्या आत लपलेलं असतं. तिथे `Auto`, `Bitstream`, `Pass Through`, `Dolby Digital` जे काही असेल ते बदलून `PCM` करा. त्यानंतर टीव्ही स्वतः गाठोडं सोडतो आणि दोन चॅनल करून पाठवतो. स्टिरिओ ॲम्पला तेच हवं, यात तुमचं काही कमी होत नाही. `PCM` पुसट दिसत असेल, निवडता येत नसेल तर आधी साउंड आउटपुट ऑप्टिकलवर आणा, मग उघडतं. सेटटॉप बॉक्सच्या स्वतःच्या मेनूतही असंच सेटिंग असतं, टीव्ही बदलून भागलं नाही तर तिथेही `PCM` किंवा `Stereo` करा. आणि महिन्याभराने टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर आवाज पुन्हा गेला तर घाबरू नका, आधी हेच सेटिंग परत बघा.

पेनड्राइव्हवरचा एखादाच सिनेमा मुका असेल, बाकी सगळं वाजतंय, तर त्या फाइलचा आवाज डीटीएसमध्ये असणार आणि बरेच टीव्ही तो उलगडतच नाहीत. तेव्हा टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर लावून बघा, तिथेही नसेल तर डॅकचा काही दोष नाही.

घूं येते ती कुठून

आता मला सगळ्यात जास्त वेळ लागलेला भाग. ऐरोलीत मावशीच्या घरी गेल्या पावसाळ्याआधी झालं ते सांगतो. काकांचा ॲम्प १९८० च्या दशकातला, जड ट्रान्सफॉर्मरवाला, तीन पिनांचा प्लग. त्यांना एका रिपेअरवाल्याने ऐकूनच सांगितलं होतं की याचे कपॅसिटर गेलेत, आता जागा अडवण्यापेक्षा काढून टाका. काका नाराज होते, कारण तो ॲम्प त्यांनी पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतला होता. मी गेलो, फोन लावला बॅटरीवर, गाणं थांबवून व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला, स्पीकरला कान लावला, अगदी बारीक सळसळ, घूं नाही. म्हणजे ॲम्प स्वच्छ. डॅक लावला की घूं.

मग एकेक काढत गेलो. डॅकची आरसीए काढली, घूं गेली. परत लावली, सेटटॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढली, घूं जवळजवळ गेली. परत लावली, आली. इथे ओळखायचं की हा ग्राउंड लूप आहे. केबलवाल्याच्या वायरचं बाहेरचं जाळं सगळ्या इमारतीत फिरतं आणि कुठेतरी लांब दुसऱ्या अर्थिंगला टेकलेलं असतं. काकांचा ॲम्प घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमधून घरच्या अर्थिंगला टेकलेला. या दोन अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, आणि मधे तारेने रस्ता मिळाला की त्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो, तीच घूं.

काका म्हणाले, "पण मधे तर ऑप्टिकल आहे ना, ती तर प्लास्टिकची, तिच्यातून करंट जाणार कसा?" अगदी बरोबर प्रश्न. ऑप्टिकलने तो रस्ता तोडायलाच हवा होता. पण डॅकला पाच व्होल्ट कुठून दिले होते? टीव्हीच्या यूएसबीतून. त्या यूएसबी वायरीत ग्राउंडची तार असते, तिने टीव्ही आणि डॅक पुन्हा जोडले गेले, आणि ऑप्टिकलचा फायदा तिथेच संपला. केबलवाल्याची वायर, सेटटॉप बॉक्स, एचडीएमआय, टीव्ही, यूएसबी, डॅक, आरसीए, ॲम्प, अर्थिंग, असा पूर्ण गोल झाला.

उपाय काय केला, तर कपाटात पडलेला जुन्या फोनचा दोन पिनांचा चार्जर काढला, पाच व्होल्ट एक अँपियरचा, आणि डॅक त्यावर लावला. घूं गेली. खर्च शून्य. मी काकांना गॅलरीत बसून ऐकायला सांगितलं तर ते खुर्ची ओढून स्पीकरसमोरच बसले, आणि मावशीने चहा आणला तरी उठले नाहीत.

चार्जर मात्र बऱ्यापैकी घ्या. रस्त्यावरचा अगदी हलका चार्जर स्वतःच किणकिण सोडतो, पातळ चिर्रर्र असा आवाज आला तर दुसरा चार्जर लावून बघा. काही डॅकना ऑप्टिकलसोबत नारिंगी भोकाचं कोॲक्सिअलही असतं, पण ती वायर तांब्याची, ग्राउंड जोडणारीच, म्हणून घूं असलेल्या घरात ऑप्टिकलच वापरा.

चार्जर बदलूनही घूं राहिली तर ॲम्पला अजून काय काय जोडलंय ते बघा. लोक सेटटॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायरही ॲम्पला जोडून ठेवतात, "राहू दे, लागेल कधी" म्हणून, ती काढा. मग ॲम्प, टीव्ही, सेटटॉप बॉक्स एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. शेवटचा उपाय म्हणजे केबलच्या गोल वायरीत बसणारा, ग्राउंडचा रस्ता तोडणारा आयसोलेटर. पण लक्षात ठेवा, छतावर डिश असेल तर साधा आयसोलेटर चालत नाही, कारण डिशच्या तोंडाला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतून वर जातात, आयसोलेटर ते अडवतो आणि चॅनल जातात.

एक गोष्ट कधीही करू नका. ॲम्पच्या प्लगची अर्थची मोठी पिन काढून किंवा कापून घूं घालवणं. घूं जाते खरी, म्हणूनच काही जण हा सल्ला देतात. पण ४० वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि त्या दिवशी पत्र्यावर २३० व्होल्ट आले तर वाचवणारी तीच एक पिन असते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पोरं व्हॉल्यूम फिरवतात, हे डोळ्यासमोर आणा.

एकच बाजू, किंवा आवाज पटकन मोठा होतो

एकच बाजू वाजत असेल तर डॅकच्या टोकाला लाल-पांढऱ्याची अदलाबदल करा. बंद बाजू बदलली तर दोष डॅक किंवा सेटिंगमध्ये, तीच राहिली तर वायर, ॲम्प किंवा स्पीकरमध्ये. मग तेच स्पीकरच्या वायरींचं करा, ॲम्प बंद करून. आपल्याकडच्या दमट हवेत सिलेक्टर आणि व्हॉल्यूमच्या आत काळपट थर जमतो, बंद ॲम्पवर ते बटण वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवलं तरी बऱ्याचदा बाजू परत येते. स्पीकरची तार हिरवी पडली असेल तर कापून ताजं तांबं काढा, पण एकही सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका, ट्रान्झिस्टर उडतात ते यानेच.

व्हॉल्यूम जरासा फिरवला आणि एकदम मोठा झाला, तर तो दोष नाही. जुन्या AUX ला पूर्ण आवाजासाठी १५०-३०० मिलिव्होल्ट पुरतात आणि डॅक देतो त्याच्या कितीतरी पट. हळू फिरवा. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी होत नाही हेही बिघाड नाही, ऑप्टिकलचा आवाज बऱ्याच टीव्हींत ठरलेला असतो, तो ॲम्पवरूनच कमी-जास्त करायचा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फोन बॅटरीवर लावूनही घूं येते आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती तेवढीच राहते, तर फिल्टर कपॅसिटर खरंच थकलेत. हे घरी बदलायचं काम नाही, बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. ॲम्प चालू करताच वूफरचा कागद पुढे किंवा मागे सरकून तिथेच थांबला, तर लगेच बंद करून स्पीकर काढा, आउटपुटला डीसी आलाय आणि कॉइल मिनिटांत जळेल. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला, तरीही तेच, प्लग काढा. आणि फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपियरचा एकदा घालून बघा, दुसऱ्यांदा उडाला तर मोठा घालू नका आणि तार तर अजिबात गुंडाळू नका.

ॲम्प पाच-दहा वर्षं माळ्यावर पडून असेल तर वरचं काहीच करायच्या आधी तो जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि सिरीज बल्बवर, म्हणजे ॲम्पच्या लाइनमध्ये मधे एक बल्ब जोडून, चालू करायला सांगा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि थेट लाइनवर लावला असता तर ट्रान्सफॉर्मर गेला असता. नौपाड्यात, वाशीत असे जुने कारागीर अजून आहेत, नाही सापडले तर लॅमिंग्टन रोडवर विचारा. जाताना त्यांना फोनवर काय झालं, डॅकवर काय झालं, कुठली वायर काढल्यावर घूं गेली, हे सांगा, आणि बदललेले जुने कपॅसिटर परत मागून घ्या.